सोने, मीठ आणि सहारातील तांडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही राज्ये कोणती, आणि ती नेमकी कुठे होती?

सहारा वाळवंटाची दक्षिण कड आणि त्याखालचा गवताळ प्रदेश या पट्ट्यात, म्हणजे आजच्या मॉरिटानिया, माली, सेनेगल, गिनी आणि नायजर या देशांच्या भूमीवर, मध्ययुगात एकामागून एक तीन मोठी राज्ये उभी राहिली. पहिले घाना, जे इसवी सनाच्या 11 व्या शतकात भरभराटीला आले होते आणि ज्याचा आजच्या घाना देशाशी नावापलीकडे संबंध नाही. दुसरे माली, ज्याचा पाया 1235 च्या सुमारास सुंदियाता या राजाने घातला. तिसरे सोंघाय, ज्याच्या सुन्नी अली या राजाने 1468 मध्ये तिंबक्तू हे व्यापारी शहर जिंकले. तिघांचाही उत्कर्ष एकाच व्यापारावर झाला. उत्तरेकडून मीठ, तांबे आणि कापड येत असे, तर दक्षिणेकडून सोने, हस्तिदंत, कातडी आणि गुलाम केलेली माणसे उत्तरेकडे जात.

या राजांकडे सोन्याच्या खाणी होत्या म्हणून ते श्रीमंत झाले का?

असा समज सर्वत्र आढळतो, पण तो बराचसा चुकीचा आहे. सोने मुख्यतः सेनेगल आणि फालेमे या नद्यांमधील बंबुक भागातून आणि नायजर नदीच्या वरच्या खोऱ्यातील बुरे भागातून येत असे. तेथील गावकरी शेतीची कामे आटोपल्यावर कोरड्या ऋतूत तांबड्या मातीत अरुंद विहिरींसारखे खड्डे खणत, वर काढलेला गाळ भोपळ्याच्या तुंब्यात घेऊन पाण्यात धुवत आणि तळाशी उरलेले सोन्याचे कण वेचत. हे काम हजारो लहान खड्ड्यांत विखुरलेले असल्यामुळे त्यावर पहारा बसवणे कोणत्याही राजाला शक्य नव्हते.

माली राज्याने यासाठी बळाचा वापर करून पाहिला होता. मालीचा राजा मन्सा मुसा 1324 मध्ये कैरोत आला असता त्याने तेथील लोकांशी केलेले बोलणे अल उमरी या लेखकाने पुढे नोंदवून ठेवले. त्यानुसार, सोन्याच्या गावांपैकी एखादे जिंकून तेथे इस्लाम हा नवा धर्म रुजवला, की त्या गावातील सोन्याचे उत्पादन घटत असे आणि शेजारच्या गावांतील वाढत असे. हा अनुभव वारंवार आल्यावर मालीच्या राजांनी त्या लोकांना त्यांच्या श्रद्धांसह स्वतंत्र राहू दिले आणि त्यांच्याकडून फक्त खंडणी घेतली.

मिठाच्या खाणीही बराच काळ या राजांच्या ताब्यात नव्हत्या. त्या वाळवंटात खोलवर असून मसूफा या वाळवंटी टोळीच्या लोकांच्या हाती होत्या. त्यामुळे राजांचे सामर्थ्य खाणीत नसून दोन्ही मालांची जेथे गाठ पडे त्या जागेत होते. उंट वाळवंटात चालतो, पण दक्षिणेकडच्या दमट, रोगट हवेत तो टिकत नाही. म्हणून वाळवंटाच्या कडेला उंटावरचा माल उतरवून गाढवांवर, होड्यांत किंवा हमालांच्या डोक्यावर चढवावाच लागे. ज्याच्या ताब्यात ही उतारपेठ, त्याच्या हाती जकात.

मग राजाच्या तिजोरीत पैसा प्रत्यक्षात कसा येत असे?

याचे सर्वांत स्पष्ट वर्णन कोर्डोबा येथील अल बक्री या विद्वानाने 1068 मध्ये लिहिले. तो स्वतः घानाला गेला नव्हता, पण तिकडून येणाऱ्या व्यापाऱ्यांकडून त्याने बारकाईने माहिती मिळवली होती. त्याच्या नोंदीप्रमाणे, घानाचा राजा मिठाने लादलेले गाढव राज्यात आले की त्यावर 1 सोन्याचा दिनार घेई आणि तेच मीठ राज्याबाहेर निघाले की 2 दिनार घेई. तांब्याच्या ओझ्यावर 5 मिस्काल आणि इतर मालाच्या ओझ्यावर 10 मिस्काल असा दर होता. मिस्काल हे सोने तोलण्याचे वजन असून ते सुमारे सव्वाचार ग्रॅमचे होते, आणि दिनारही साधारण त्याच वजनाचा असे.

येणाऱ्या मिठापेक्षा जाणाऱ्या मिठावर दुप्पट जकात का, हे अल बक्रीने सांगितलेले नाही, परंतु मला त्यामागचा हिशेब उघड वाटतो. मीठ जसजसे सोन्याच्या मुलखाकडे सरकते तसतसा त्याचा भाव चढतो, आणि पुढच्या चढ्या भावातला हिस्सा राजा आपल्या हद्दीवरच कापून घेतो. वाळवंट ओलांडून दमलेल्या व्यापाऱ्याला दारातच जास्त नाडले, तर तो पुढच्या वर्षी दुसऱ्या राज्याच्या पेठेत जाईल, ही धास्तीही राजाला असणारच.

दुसरा उपाय याहून चतुर होता. राज्यात सापडणारे सोन्याचे गोटे राजाचे आणि बारीक सुवर्णकण लोकांचे, असा नियम होता. तसा नियम नसता तर लोकांकडे इतके सोने साठले असते की त्याला किंमतच उरली नसती, असे कारण अल बक्री देतो. बाजारात येणाऱ्या सोन्यावर मर्यादा घालून त्याचा भाव राखण्याचा हा प्रकार 11 व्या शतकातला आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मिठाची इतकी निकड का होती?

उष्ण प्रदेशात अंगमेहनत करणाऱ्या माणसाच्या घामावाटे मीठ शरीराबाहेर जाते आणि ते भरून काढावेच लागते. मुख्यतः धान्यावर जगणाऱ्या समाजाला अन्नातून ते पुरेसे मिळत नाही. गुराढोरांनाही मीठ लागते, शिवाय मासे आणि मांस टिकवण्यासाठी ते हवे असते. अंतर्भागातील लोक काही वनस्पतींची राख धुऊन खारट द्रव्य काढत आणि किनाऱ्यालगत समुद्राचे मीठ मिळत असे. पण राखेचे मीठ थोडे आणि कडवट असे, तर समुद्राचे मीठ पावसाळी हवेत दूरवर नेताना पाझरून जाई. वाळवंटातील खाणीचे मीठ मात्र कठीण लाद्यांच्या रूपात निघते. या लाद्या उंटाच्या दोन्ही बाजूंना बांधता येतात, हजार किलोमीटर चालल्यावरही फुटतात त्या थोड्याच, आणि पेठेत पोचल्यावर त्यांचे हवे तेवढे तुकडे करता येतात. मालीत या तुकड्यांचा उपयोग नाण्यांसारखा होत असे.

मीठ सोन्याच्या भारोभार विकले जात असे, हे खरे आहे का?

काही मध्ययुगीन अरबी ग्रंथांत तसे लिहिलेले आढळते आणि आजही ते सर्रास सांगितले जाते. परंतु ज्याने भाव स्वतः पाहून लिहून ठेवले त्याच्या आकड्यांतून वेगळेच चित्र दिसते. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी 1352 मध्ये तागाझा येथील मिठाच्या खाणीवर होता. त्याच्या नोंदीप्रमाणे एका उंटावर मिठाच्या दोन मोठ्या लाद्या लादत. हे ओझे वाळवंटाच्या दक्षिण कडेवरील वलाता गावी 8 ते 10 मिस्कालांना विकले जाई, तर मालीच्या राजधानीत 20 ते 30 आणि कधीकधी 40 मिस्कालांना.

आता हिशेब मांडून पाहू. उंटाचे ओझे सुमारे 130 किलो धरले आणि राजधानीतला 30 मिस्कालांचा भाव घेतला, तर 130 किलो मिठाला सुमारे 128 ग्रॅम सोने मिळाले. म्हणजे 1 किलो सोन्यासाठी साधारण 1000 किलो मीठ द्यावे लागे, आणि वलात्यात तर सुमारे 3000 किलो. मंदी-तेजीचा कितीही फरक धरला, तरी भारोभार विक्रीपासून हे प्रमाण फारच दूर आहे. सोन्याच्या खड्ड्यांजवळच्या एकाकी खेड्यांत भाव याहून पुष्कळ चढला असेल, पण सर्वसाधारण बाजारात नाही.

यातून व्यापाराचे खरे गमक कळते. वाळवंट ओलांडून वलात्याला पोचेपर्यंत जो भाव मिळे, तो पुढच्या तुलनेने सोप्या टप्प्यात दुप्पट-तिप्पट होई. हा वाढीव भाव ज्या वाटेवर पदरात पडे, ती संपूर्ण वाट माली राज्याच्या अमलाखाली होती.

तांड्याचा प्रवास प्रत्यक्षात कसा होत असे?

इब्न बतूताचाच प्रवास पाहू. मोरोक्कोच्या दक्षिणेस सिजिल्मासा हे वाळवंटापूर्वीचे शेवटचे मोठे शहर होते. तेथे त्याने उंट आणि त्यांच्यासाठी चार महिन्यांचा चारा विकत घेतला आणि फेब्रुवारी 1352 मध्ये, म्हणजे उन्हाळा पेटण्यापूर्वी, तो एका तांड्याबरोबर निघाला. तांड्याचा म्होरक्या मसूफा टोळीतला होता.

25 दिवसांनी ते तागाझाला पोचले. त्या गावात झाड नव्हते, होती ती फक्त वाळू आणि मीठ. घरे आणि मशीद मिठाच्या लाद्यांनी बांधलेली होती आणि छपरे उंटाच्या कातड्यांची होती. खाणीत राबणारे सगळे मसूफांचे गुलाम होते. त्यांचे अन्न म्हणजे मोरोक्कोच्या बाजूने आलेला खजूर, उंटाचे मांस आणि दक्षिणेकडून आलेली भरड धान्ये. तेथे काहीच पिकत नसल्यामुळे तांडा चुकला तर उपासमार ठरलेली. पाणी मचूळ, माशा बेसुमार. अशा या भकास ठिकाणी सोन्याच्या भुकटीचे प्रचंड व्यवहार होत, हे इब्न बतूताने मुद्दाम लिहून ठेवले आहे.

पुढचे दहा दिवस वाटेत पाण्याचा भरवसा नसे. त्यानंतर तासरहला नावाच्या पाणवठ्यावर तांडा तीन दिवस थांबला. तेथे पखाली दुरुस्त करून भरून घेतल्या जात आणि वाऱ्याने पाणी आटू नये म्हणून त्यांवर जाडेभरडे कापड शिवले जाई. येथूनच ‘तकशीफ’ पुढे पाठवला जाई. तकशीफ म्हणजे मसूफा टोळीतला एकटा वाटाड्या, ज्याच्याजवळ तांड्यातील व्यापारी वलात्यातील ओळखीच्यांसाठी पत्रे देत. तो वेळेवर पोचला, तर वलात्यातून माणसे पाणी घेऊन चार दिवसांच्या अंतरावर सामोरी येत. तो वाटेत मेला, तर वलात्यात कोणाला पत्ता लागत नसे आणि सगळा तांडा किंवा त्यातील बरीच माणसे पाण्यावाचून मरत. इब्न बतूताच्या तांड्याने नेमलेल्या तकशीफाचा एक डोळा गेलेला आणि दुसरा अधू होता, तरीही त्या वाटेचा त्याच्याइतका जाणकार दुसरा नव्हता. त्याची मजुरी 100 मिस्काल सोने ठरली होती. वलात्यातील भावाने ही दहा उंटांवरच्या मिठाची किंमत झाली, आणि त्यावरून या वाटेवर सर्वांत महाग काय होते ते कळते.

सिजिल्मासा सोडल्यापासून सुमारे दोन महिन्यांनी, एप्रिलमध्ये, तांडा वलात्यात पोचला. त्याच प्रवासात एकजण नातेवाइकाशी भांडण झाल्याने मागे रेंगाळला आणि वाळवंटात कायमचा हरवला.

हरवलेल्या तांड्याचा काही पुरावा मिळाला आहे का?

होय. आजच्या मॉरिटानियातील एका अत्यंत निर्जन वाळवंटी भागात, मादेन इजाफेन येथे, तेओदोर मोनो या फ्रेंच अभ्यासकाला 1964 मध्ये वाळूत पुरलेला माल सापडला. त्यात एकूण टनभर वजनाच्या सुमारे 2000 पितळी कांड्या आणि त्यांच्याबरोबर कवड्या होत्या. हा माल साधारण 12 व्या शतकातला आहे. उंट मेले किंवा थकले म्हणून मालकाने तो वाळूत दडवला असावा आणि पुन्हा न्यायला कोणी आले नाही. लिखित वर्णनांत मीठ आणि सोने यांचा बोलबाला असतो. प्रत्यक्षात दक्षिणेकडे जाणाऱ्या ओझ्यांत तांबे-पितळही किती असे, याची साक्ष हा ढीग देतो.

इतक्या लांबच्या पल्ल्यावर उधारी आणि भाव कोण सांभाळत असे?

हे काम राज्यांचे नव्हते, ते व्यापारी घराण्यांचे होते. 13 व्या शतकातील मक्करी घराण्याचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. पाच भावांची ही भागीदारी होती. दोघे आजच्या अल्जीरियातील त्लेमसेन येथे, एक सिजिल्मासाला आणि दोघे वलात्यात राहत. त्लेमसेनचे भाऊ मागणीप्रमाणे माल पाठवत, वलात्याचे भाऊ कातडी, हस्तिदंत, कोला फळे आणि सोने पाठवत. मधला भाऊ दोन्हीकडील भावांची चढउतार पत्राने कळवत असे, म्हणजे कोणता माल केव्हा रोखायचा आणि केव्हा सोडायचा ते ठरवता येई. या घराण्याने वाटेवर विहिरी खोदल्या आणि तांड्यांच्या सुरक्षिततेची व्यवस्था केली. त्यांचा तांडा निघताना ढोल वाजे आणि पुढे निशाण चाले. मालीचे राज्य वलात्यापर्यंत पसरले तेव्हा या भावांचे थोडे नुकसान झाले, पण त्यांनी नव्या राजाशी संबंध जोडले आणि त्यांचा व्यापार आणखी वाढला.

उधारीच्या कागदांचीही नोंद आहे. 10 व्या शतकातील इब्न हौकल हा भूगोलकार सहाराच्या दक्षिण कडेवरील औदागोस्त या पेठेतल्या एका व्यापाऱ्याने सिजिल्मासाच्या व्यापाऱ्याला 42,000 दिनार देणे असल्याचा दस्त पाहिल्याचे लिहितो. सोन्याच्या मुलखाकडील बाजू वांगारा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आफ्रिकी मुस्लिम व्यापाऱ्यांच्या हाती होती. सोने कोठून येते हे ते उत्तरेकडच्यांना कळू देत नसत. परस्परांचे तोंड न पाहता नदीकाठी माल आणि सोने ठेवून होणाऱ्या ‘मुक्या व्यापारा’च्या कथा बहुधा या गुप्ततेतूनच पसरल्या असाव्यात.

राज्याकडून व्यापाऱ्याला हवा होता तो भरवसा. मालीत चोर-लुटारूंची भीती नाही, आणि तेथे मरण पावलेल्या उत्तरेकडील व्यापाऱ्याची मालमत्ता राजा जप्त करत नाही, तर खरा वारस येईपर्यंत एखाद्या विश्वासू व्यक्तीकडे ठेवतो, असे इब्न बतूताने नमूद केले आहे. मालीच्या अनेक गोष्टींवर त्याने कठोर टीका केली आहे, म्हणून त्याची ही स्तुती मला अधिक वजनदार वाटते.

हे सोने कोणकोणत्या बाजारांपर्यंत पोचत असे?

उत्तर आफ्रिका आणि स्पेनवर राज्य करणाऱ्या अल्मोराविद राजांचे दिनार याच सोन्याचे होते. ते इतके शुद्ध मानले जात की 12 व्या शतकात स्पेनमधील ख्रिस्ती कास्तील राज्याने त्यांच्यासारखीच नाणी पाडली. 1252 मध्ये फ्लॉरेन्स आणि जेनोवा, आणि 1284 मध्ये व्हेनिस या इटालियन शहरांनी सोन्याची नाणी सुरू केली, त्यांनाही आफ्रिकी सोन्याचा मोठा पुरवठा होता. पश्चिम आफ्रिकेतही सोने केवळ भुकटीच्या रूपात फिरत नव्हते. आजच्या मालीतील तादमेक्का येथे छापाविना शुद्ध सोन्याचे दिनार चालतात असे अल बक्रीने लिहिले होते, आणि तेथील उत्खननात असे गोळे ओतण्याचे मातीचे साचे खरोखरच सापडले.

उलट दिशेचा एक धागा हिंदी महासागरातून येतो. मालीत आणि गाओ शहरात कवड्या चलन म्हणून चालत, आणि त्या येत मालदीव बेटांवरून. इब्न बतूता मालीला जाण्यापूर्वी मालदीवमध्ये काझी होता. तेथे एका सोन्याच्या दिनाराला 4 लाख कवड्या मिळत, तर मालीत 1150, असे त्याने लिहिले आहे. या दोन आकड्यांमध्ये अरबी समुद्र, येमेन, इजिप्त आणि अख्खा सहारा आहे. महाराष्ट्रात देवीच्या आराध्यांच्या गळ्यात दिसणारी कवडीही त्याच महासागरातली. आणि मालदीवला जाण्याआधी हाच इब्न बतूता दौलताबादेतही राहून गेला होता.

मन्सा मुसाने कैरोतील सोन्याचा बाजार कोसळवला का?

मुसा हजच्या वाटेवर कैरोत थांबला असता त्याने आणि त्याच्या लवाजम्याने इतके सोने वाटले आणि खर्चले की सोन्याचा भाव उतरला, हे खरे आहे. पण ‘कोसळला’ हा शब्द अतिशयोक्तीचा आहे. अल उमरीच्या म्हणण्याप्रमाणे 1 मिस्काल सोन्याला पूर्वी निदान 25 चांदीचे दिरहम मिळत, ते 22 च्या खाली आले आणि सुमारे 12 वर्षे तसेच राहिले. ही घट साधारण 12 टक्क्यांची आहे. काही नाणेतज्ज्ञ तर त्या काळी एवढी चढउतार नेहमीची होती असे मानतात. परतताना मुसाजवळचे सोने संपले आणि त्याला कैरोतील व्यापाऱ्यांकडून चढ्या व्याजाने कर्ज घ्यावे लागले, ही गोष्ट मात्र क्वचित सांगितली जाते. त्याच्या यात्रेचा टिकाऊ परिणाम प्रसिद्धीचा झाला. 1375 च्या कातालान नकाशात हातात सोन्याचा गोळा धरलेला मालीचा राजा चितारलेला आहे, आणि युरोपातील व्यापाऱ्यांना कोणत्या दिशेला पाहायचे ते त्यातून कळले.

या व्यापारात गुलामांचे स्थान काय होते?

ते टाळून हा इतिहास सांगता येत नाही. तागाझातील खाणकाम गुलामांकडून करून घेतले जाई आणि गुलाम हा उत्तरेकडे जाणारा मालही होता. इब्न बतूता परतताना ज्या तांड्याबरोबर होता, त्यात विक्रीसाठी चालवलेल्या 600 स्त्रिया होत्या. सोने फार थोड्या उंटांवर मावते, माणसांना मात्र वाळवंट पायी ओलांडावे लागे.

हा व्यापार ओसरला कसा?

दोन बाजूंनी. पोर्तुगीज जहाजे 15 व्या शतकात आफ्रिकेच्या किनाऱ्याने खाली सरकली आणि 1482 मध्ये त्यांनी आजच्या घाना देशाच्या किनाऱ्यावर एल्मिना येथे किल्ला बांधला. जंगलपट्ट्यातील सोन्याचा एक मोठा भाग त्यानंतर समुद्राकडे वळला, तरी वाळवंटी वाट बंद पडली नाही.

दुसरा घाव उत्तरेकडून आला. 16 व्या शतकात तागाझावर सोंघायचा अंमल होता. मोरोक्कोचा सुलतान अहमद अल मन्सूर तेथील मिठावरील कर मागू लागला आणि त्याच्या माणसांच्या जाचामुळे खाणकाम दक्षिणेस ताउदेन्नी येथे हलले. अखेर त्याने जूदर पाशाच्या हाताखाली बंदूकधारी फौज सहारा पार पाठवली, आणि तिने 1591 मध्ये तोंदिबी येथे सोंघायचा पराभव केला. सोंघायच्या राजाने 1 लाख मिस्काल सोने आणि 1000 गुलाम देऊ करून फौजेने परत जावे असे सुचवले. जूदर त्याला अनुकूल होता. सोंघायची राजधानी गाओ येथील राजवाडा पाहून मोरोक्कोतील गाढववाल्यांच्या म्होरक्याचे घरही याहून बरे असे त्याने कळवले होते. सुलतानाने तह नाकारला आणि जूदरला पदावरून काढले. पण जिंकलेल्या शहरांत सोन्याच्या खाणी नव्हत्या. त्या शेकडो मैल दक्षिणेला होत्या आणि त्यांचे मालक दुसरेच होते. मोरोक्कोला काही वर्षे भरपूर सोने मिळाले, परंतु वाटांवरील सुरक्षितता मोडली, वांगारा व्यापारी इतर पेठांकडे वळले आणि तिंबक्तूतील सेनाधिकारी पुढे सुलतानालाही जुमानेनासे झाले. ताउदेन्नीच्या मिठाच्या लाद्या मात्र त्यानंतरही उंटांवरून तिंबक्तूला येत राहिल्या, आणि आता त्यातील बहुतेक ट्रकने येतात.